बारशाचे पन्नास हजार अठरा वर्षांनी कुठे असतात?

आजचं रेकॉर्डिंग वागळे इस्टेटमधल्या माझ्या ऑफिसातच करतोय, त्यामुळे मागे प्रेसचा ठोका ऐकू आला तर तो तुमच्या हेडफोनचा दोष नाही. खालच्या गाळ्यात वॉशर काढतात. मी इथल्या लहान कारखान्यांचे हिशेब आणि रिटर्न भरतो. साहजिकच मालकांबरोबर त्यांचे कामगारही येतात, आणि बऱ्याचदा येतात ते घरचा एखादा कागद घेऊन.

दोन वर्षांपूर्वी, 2024 च्या जूनमध्ये, एक बाई अशाच आल्या. हातात दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवतात तसली पिशवी आणि तिच्यात घडी घालून घालून फाटायला आलेला एक कागद. म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट होतं ते, 2006 सालचं. त्यांच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून पन्नास हजार रुपये नातीच्या नावावर टाकले होते. टाकताना घरात सगळ्यांना एकच सांगितलं होतं, पोरगी अठरा वर्षांची होईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. आणि खरंच कुणी लावला नाही. मुलगी मे महिन्यात अठरा पूर्ण झाली होती, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची फी ऑगस्टमध्ये भरायची होती आणि पैसे निघत नव्हते.

जन्माच्या वेळी एकरकमी पैसे द्यायचे आणि ते मोठेपणापर्यंत विसरून जायचं, या कल्पनेबद्दल मी आज बोलणार आहे. यात लोक व्याजाच्या दरावर फार बोलतात. माझ्या अनुभवात घोटाळा दरात कमी होतो. तो होतो ‘हात लावायचा नाही’ या वाक्यात. आपण हात लावत नाही, पण दुसरे लावतात. आणि आपण जिथे लावायला हवा होता तिथेही लावत नाही.

आधी थोडं जुनं सांगतो, कारण आमच्या पिढीने हा धडा कागदावर घेतलाय. 1992 मध्ये आयडीबीआयने डीप डिस्काउंट बाँड काढले होते. 2,700 रुपये भरा, पंचवीस वर्षांनी एक लाख घ्या. ठाण्या-डोंबिवलीत त्या काळी घरात बाळ जन्माला आलं की सोन्याच्या वळ्यासोबत हा कागद घेणारी माणसं मी पाहिली आहेत. हिशेब केला तर दर साल साडेपंधरा टक्के पडतो. पण त्या बाँडमध्ये काही ठरावीक वर्षांनी पैसे परत करून कागद रद्द करण्याचा हक्क आयडीबीआयनेही राखून ठेवला होता. पुढे व्याजदर खाली आले, आणि साडेपंधरा टक्के देत बसण्यापेक्षा संस्थेने तो हक्क वापरला. एक लाखाचा आकडा कुणाला दिसलाच नाही. यात फसवणूक नव्हती, अट छापलेली होती. आपण फक्त मोठ्या अक्षरातला एक लाख वाचला होता.

दुसरं उदाहरण जास्त बोचरं आहे. 1993 मध्ये सरदार सरोवर नर्मदा निगमने बाँड काढले. 3,600 रुपयांचे वीस वर्षांनी, म्हणजे जानेवारी 2014 मध्ये, 1,11,000 रुपये. इथे मध्येच बाहेर पडायचा पर्याय होता, पण तो बाँड घेणाऱ्याला. निगमला नव्हता. मग 2008 मध्ये गुजरात विधानसभेने कायदाच केला आणि निगमला तो अधिकार दिला. जानेवारी 2009 मध्ये प्रत्येक बाँडचे पन्नास हजार देऊन हिशेब संपवला गेला. आता बघा, 3,600 चे पंधरा वर्षांत पन्नास हजार म्हणजे दर साल एकोणीस टक्क्यांच्या आसपास. वाईट म्हणवत नाही. पण मुलाच्या शिक्षणासाठी आकडा धरला होता एक लाख अकरा हजारांचा. हातात आलेल्या पन्नास हजारांचे उरलेल्या पाच वर्षांत तेवढे करायचे तर सतरा टक्क्यांहून जास्त व्याज हवं. नऊ टक्क्यांनी ठेवले तर होतात सत्त्याहत्तर हजार. आणि ज्यांनी कागद ट्रंकेत ठेवून 2014 ची वाट पाहिली, त्यांचं व्याज तर 2009 लाच धावायचं थांबलं होतं.

म्हणून आता कुणी मला विचारलं की बाळाच्या नावावर कुठे टाकू, तर मी पहिला प्रश्न विचारतो: हा व्यवहार मुदतीआधी कोण मोडू शकतो? देणारी संस्था मोडू शकते का, आई-वडील मोडू शकतात का, आणि अठरा झाल्यावर मूल काय करू शकतं? दर त्यानंतर.

सरकारी योजनांनाही हाच प्रश्न लावून बघा. आपल्या राज्यात 2014 पासून सुकन्या नावाची योजना होती. केंद्राची सुकन्या समृद्धी वेगळी, गल्लत करू नका. दारिद्र्यरेषेखालच्या घरात मुलगी जन्मली की तिच्या नावे 21,200 रुपये एलआयसीकडे ठेवायचे आणि अठराव्या वर्षी तिला एक लाख मिळायचे. दर पडतो बरोबर नऊ टक्के. पुढे तिची माझी कन्या भाग्यश्री झाली आणि 2023 मध्ये लेक लाडकी आली. लेक लाडकीत पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मानंतर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75,000, असे मिळून 1,01,000 मिळायचे आहेत. दोन्ही आकडे लाखाच्या घरातले, म्हणून लोकांना सारखे वाटतात. पण पहिल्यात जन्मालाच रक्कम बाजूला काढून दुसऱ्याच्या ताब्यात दिली जात होती. दुसऱ्यात अठराव्या वर्षीचे 75,000 त्या त्या वेळच्या सरकारने द्यायचे आहेत. 2023 मध्ये जन्मलेल्या मुलीसाठी ते साल आहे 2041. मी लेक लाडकी घेऊ नका म्हणत नाही, ज्यांना मिळते त्यांनी अर्ज जरूर करावा. फक्त तिला ठेव समजू नका.

आता घरच्या पैशाकडे येऊ. आज एखाद्या आजोबांना पन्नास हजार द्यायचे आहेत, तर काय काय होतं ते सांगतो.

देण्यावर कर नाही. आजोबा, आजी, मामा, काका, आत्या या नातेवाइकांकडून आलेली भेट कितीही असो, करमुक्त. मित्रमंडळींच्या पाकिटांचं तसं नाही. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांच्या वर गेलं की सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. लग्नातल्या आहेराला सूट आहे, बारशाच्या आहेराला नाही. हे कुणाला माहीत नसतं. आजोबांनी साध्या कागदावर दोन ओळी लिहून, तारीख घालून सही करून ठेवावी: अमुक रक्कम नातवाला प्रेमाने दिली. हा कागद अठरा वर्षांनीही उपयोगी पडतो.

मुलगी असेल तर मी आधी केंद्राची सुकन्या समृद्धीच सांगतो. व्याज दर तीन महिन्यांनी ठरतं, 2024 च्या सुरुवातीपासून ते 8.2 टक्के आहे, आणि त्यावर कर नाही. पन्नास हजार याच दराने अठरा वर्षं राहिले तर दोन लाख सहा हजारांच्या पुढे जातात. यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, आजोबा हे खातं उघडू शकत नाहीत, आई-वडिलांपैकीच कुणीतरी उघडायचं, पैसे मात्र आजोबांचे चालतात. दुसरी जास्त महत्त्वाची: ‘एकदा टाकलं आणि विसरलो’ इथे चालत नाही. पंधरा वर्षं दर साल कमीत कमी 250 रुपये भरावेच लागतात, नाहीतर खातं थकीत होतं आणि वर्षाला पन्नास रुपये दंड भरून चालू करून घ्यावं लागतं. खातं पिकतं उघडल्यापासून एकविसाव्या वर्षी. अठरा झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतं. पण घरात अडचण आली म्हणून बापाने मोडलं, हे इथे सहज होत नाही. मला तर हीच तिची मोठी बाजू वाटते.

मुलासाठी ही सोय नाही. मग बहुतेक जण बँकेत ठेव करतात किंवा म्युच्युअल फंडात जातात. ठेवीत काय होतं बघा. साडेसहा टक्क्यांनी पन्नास हजारांचे अठरा वर्षांत एक लाख पंचावन्न हजार होतात. पण मूल अज्ञान आहे, म्हणजे कायद्याच्या भाषेत अठराच्या आतलं आहे, तोवर त्याचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं, आणि तेही दर साल. जुन्या करपद्धतीत मुलामागे 1,500 रुपयांची सूट आहे, नव्या पद्धतीत तीही नाही. बाप वीस टक्क्यांच्या टप्प्यात असला आणि कर त्या पैशातूनच गेला असं धरलं, तर हातात येतात सव्वा लाखाच्या जरा आत.

फंडात हे दर साल होत नाही. विकेपर्यंत कर नाही. म्हणून विकायची तारीख महत्त्वाची. वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात आईने विकलं तर नफा जास्त उत्पन्नवाल्या पालकाचा. वाढदिवसानंतर मुलाने स्वतः विकलं तर तो नफा मुलाचा. समजा दर साल दहा टक्क्यांनी पन्नास हजारांचे 2,78,000 झाले. नफा 2,28,000. शेअरच्या फंडात आजच्या नियमाने वर्षाला सव्वा लाख नफा माफ आणि पुढच्यावर साडेबारा टक्के. बापाच्या खात्यात हा नफा गेला तर तेरा हजारांच्या आसपास कर जातो, त्याचा स्वतःचा असा नफा असेल तर आणखी. अठरा वर्षांच्या मुलाला दुसरं काही उत्पन्न नसेल तर कर शून्य. दोन-तीन महिन्यांच्या थांबण्याचे तेरा हजार.

शिवाय एक टक्क्याची गोष्ट. फंडाच्या त्याच योजनेत एजंटमार्फत आणि थेट असे दोन प्रकार असतात. थेट प्रकार जानेवारी 2013 पासून आला. दोघांच्या खर्चात अर्धा ते एक टक्का फरक पडतो. ऐकायला काहीच नाही. पण पन्नास हजार अठरा वर्षं अकरा टक्क्यांनी वाढले तर 3,27,000 होतात आणि दहा टक्क्यांनी वाढले तर 2,78,000. फरक एकोणपन्नास हजारांचा, म्हणजे आजोबांनी जेवढे दिले जवळजवळ तेवढेच. एजंट जर अठरा वर्षं तुमचे कागद सांभाळणार असेल, पत्ता बदलून देणार असेल, वडील गेल्यावर धावून येणार असेल, तर मी म्हणेन ते पैसे वाजवी आहेत. नुसता पहिला फॉर्म भरून गायब होणार असेल तर नाहीत. अकरा काय आणि दहा काय, बाजार याची हमी देत नाही हे वेगळं सांगायला नको. अठराव्या वाढदिवसाच्या वर्षीच बाजार पडलेला असू शकतो. फी ठरलेली असेल तर मूल सोळा वर्षांचं झाल्यावर रक्कम हळूहळू सुरक्षित ठिकाणी आणावी, मग त्यापायी थोडा कर पालकाच्या माथी आला तरी चालेल.

तर त्या बाईंचं काय झालं. आजोबा उत्साही. बारशाच्या आधीच फॉर्म भरला, त्यावर घरात हाक मारायचे ते नाव. बारशाला दुसरं ठेवलं, जन्मदाखला, शाळा, आधार सगळीकडे ते दुसरं. फोलिओत पालक म्हणून वडील. बँक खातं वडिलांचं. पत्ता किसननगरचा. पुढे कुटुंब डोंबिवलीला गेलं, पत्ता कुणी बदलला नाही. वडील 2021 मध्ये गेले, त्यांचं बँक खातं बंद झालं, फोलिओत ते तसेच पालक राहिले. मूल अठरा व्हायच्या आधी फंडाकडून पत्र जातं की आता कागद बदलून घ्या. ते गेलं असेल किसननगरला. आणि अठरा झाल्या दिवसापासून फोलिओ गोठतो. पैसे वाढत राहतात, पण कागद पूर्ण होईपर्यंत काढता येत नाहीत.

मुलीने काय काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की फेऱ्या वाढतात. आधी तिच्या नावाचं पॅन. अज्ञान असताना काढलेलं पॅन असेल तर फोटो आणि सहीसाठी अद्ययावत करायचं, नंबर तोच राहतो. मग तिच्या एकटीचं बचत खातं आणि नाव छापलेला चेक. मग तिचं स्वतःचं केवायसी. हे तिन्ही झाल्यावर फंडाचा ‘अज्ञानाचा सज्ञान’ करण्याचा फॉर्म, त्यावर तिची सही आणि त्या सहीवर बँक मॅनेजरचा शिक्का. त्यातच वारस नेमायचा, कारण अज्ञानाच्या फोलिओला वारस नेमता येत नाही. मुलगी आता सज्ञान असल्यामुळे वडिलांच्या जागी आईला पालक करण्याची गरज उरली नव्हती, तेवढं एक काम वाचलं. अडकलं ते नावावर. फोलिओतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना. फॉर्म दोनदा परत आला. शेवटी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र जोडलं, त्यातली जन्मतारीख आणि वडिलांचं नाव फोलिओशी जुळलं, तेव्हा मान्य झालं. जूनला सुरू केलेलं काम सप्टेंबरमध्ये संपलं.

फी ऑगस्टमध्येच भरायची होती. बाईंनी बांगड्या गहाण ठेवून ती भरली.

हे ऐकून एका श्रोत्याने मागे विचारलं होतं की मग आजोबांनी स्वतःच्याच नावावर ठेवून नातवाला वारस नेमलं तर? चालतं. व्याज आजोबांच्या उत्पन्नात जातं, आणि अठराव्या वाढदिवशी मुलाने मोटरसायकल आणायची भीती नाही. पण मग ती भेट नव्हे, तो आजोबांचाच पैसा राहिला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, रक्कम स्वीकारणारा माणूस. आजोबा मधेच गेले तर बाकीचे वारस हक्क सांगू शकतात. तसं करायचं असेल तर मृत्युपत्रात स्पष्ट लिहायला हवं. आणि मोटरसायकलचं म्हणाल तर मुलाच्या नावावर टाकलेला पैसा अठरानंतर पूर्ण त्याचा. आई-वडिलांचं ‘आम्ही शिक्षणासाठी ठेवलेत’ हे वाक्य कायद्यात कुठे नाही. ट्रस्ट करून वय वाढवता येतं, पण पन्नास हजारांसाठी त्याचा खर्च परवडत नाही.

ब्रिटनमध्ये सरकारनेच हा प्रयोग केला होता. सप्टेंबर 2002 ते जानेवारी 2011 च्या सुरुवातीपर्यंत जन्मलेल्या मुलांना चाइल्ड ट्रस्ट फंड म्हणून साधारण अडीचशे पौंडांची सुरुवात करून दिली, अठरा होईपर्यंत कुलूपबंद. पहिली मुलं 2020 मध्ये अठरा झाली. तिथेही लाखो खाती अशी निघाली की मुलांना आपल्या नावावर पैसे आहेत हेच ठाऊक नाही. घरं बदलली, पत्रं जुन्या पत्त्यावर. म्हणजे किसननगर तिकडेही आहे.

आता माझ्याकडे कुणी बाळाचा कागद घेऊन आलं की मी एक वहीचं पान करून देतो. फोलिओ किंवा खाते क्रमांक, जन्मदाखल्यावर आहे तसंच नाव, पालक कोण, कुठली बँक, कुठला मोबाइल. खाली तीन तारखा: मूल दहा वर्षांचं, सोळा वर्षांचं आणि साडेसतरा वर्षांचं कधी होणार. दहाला पत्ता, मोबाइल आणि पालक तपासायचा. सोळाला मुलाला हे पैसे दाखवायचे. साडेसतराला पॅन आणि बँक खात्याच्या कामाला लागायचं. पान लॅमिनेट करून जन्मदाखल्याच्या मागे ठेवायला सांगतो, कारण जन्मदाखला शोधायची वेळ प्रत्येक घरात येतेच.

त्या मुलीचे पैसे आले ते दुसऱ्या वर्षाच्या फीला लागले. बांगड्या त्याआधी दिवाळीत सुटल्या होत्या, आईच्या बोनसवर.